दूरचित्रवाणी संच बिघडतो तेव्हा

मुंबईहून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळचा संच म्हणजे काचेची एक अवजड नळी, तिच्याभोवती पेटी आणि पेटीच्या पोटात शेकडो सुटे भाग. तो बिघडला की कारागीर घरी येई, पाठ उघडून मीटर लावी आणि दोषी ठरलेला एखादा भाग काढून त्याजागी नवा बसवी. ग्राहकाला त्या एका भागाचे मोल आणि कारागिराची मजुरी एवढेच द्यावे लागे. आजच्या सपाट संचातही सुटे भाग आहेतच. परंतु ते दोन-तीन बोर्डांवर इतक्या दाटीने जडवलेले असतात की दुरुस्त करणाऱ्याचा कल साहजिकच सबंध बोर्ड बदलण्याकडे असतो. त्यामुळे ‘कोणता भाग गेला’ या प्रश्नाची जागा ‘कोणता बोर्ड गेला’ या प्रश्नाने घेतली आहे. या प्रश्नाचे उत्तर चुकले तर दंड पाच-पन्नास रुपयांचा होत नाही, हजारांचा होतो. आणि तो भरूनही पडदा काळाच राहतो.

हे उत्तर देण्याचे काम अर्थातच तंत्रज्ञाचे. तथापि त्यासाठी लागणारा निम्मा पुरावा घरच्या माणसांनी पाहिलेला असतो. संच बिघडला त्या क्षणी तंत्रज्ञ तेथे नव्हता, घरची माणसे होती. त्यांनी काय पाहिले हे नीट सांगितले गेले तर तपासाची दिशा पहिल्याच मिनिटाला ठरते. बहुधा घडते ते असे की दूरध्वनीवर एवढेच सांगितले जाते, “टीव्ही बंद पडला आहे, कधी येता?” या वाक्यातून संचाविषयी काहीच कळत नाही. दिवा लागत नाही, की दिवा लागतो पण चित्र येत नाही? आवाज येतो की नाही? एकाएकी बंद पडला, की महिनाभर कुरबुर करून? या प्रत्येक उत्तरामागे वेगळा दोष आणि वेगळा खर्च आहे.

असे का, हे समजण्यासाठी संचाच्या पोटात क्षणभर डोकावणे इष्ट होय. आज घरोघरी जो एलईडी संच दिसतो त्याचा पडदा स्वतः उजेड देत नाही. तो देवळाच्या किंवा वाड्याच्या खिडकीतील रंगीत काचेसारखा आहे. मागून उजेड आला तरच काचेवरची नक्षी उमटते. हा मागचा उजेड देणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्यांना बॅकलाइट म्हणतात आणि पुढच्या काचेला पॅनेल. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन संचाला पचेल अशा लहान दाबांत तिची वाटणी करणारा तो पॉवर बोर्ड. ॲन्टेना, सेट-टॉप बॉक्स, इंटरनेट यांच्याकडून आलेला मजकूर उलगडून त्याचे चित्र आणि ध्वनी करणारा, रिमोटची आज्ञा ऐकणारा तो मेनबोर्ड. मेनबोर्डाचे चित्र पॅनेलच्या ओळींत वाटून देणारा टी-कॉन नावाचा एक लहान बोर्डही असतो; पुष्कळ संचांत तो मेनबोर्डातच किंवा पॅनेलमध्येच सामावलेला असतो. ओएलईडी जातीच्या संचात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो, तेथे बॅकलाइट नसतो. तेव्हा पुढील विवेचन त्या संचांना तंतोतंत लागू पडणार नाही.

संच सुरू होतो तेव्हा या मंडळींमध्ये एक ठरावीक संवाद होतो. सॉकेटचे बटण दाबताच पॉवर बोर्ड प्रथम एक लहानसा दाब तयार करतो, बहुधा ५ व्होल्टचा किंवा त्याच्या आसपासचा. याला स्टँडबाय म्हणतात. त्यावर मेनबोर्डाचा एक कोपरा जागा राहतो आणि तांबडा दिवा लागतो. रिमोटचे बटण दाबले की मेनबोर्ड पॉवर बोर्डाला संदेश देतो, ‘आता पूर्ण वीज दे.’ मग पॉवर बोर्ड १२ व्होल्टचा, काही संचांत २४ व्होल्टचाही, पुरवठा सोडतो. मेनबोर्ड पुरता जागा होतो, कंपनीचे नाव तयार करतो आणि पॉवर बोर्डाला दुसरा संदेश देतो, ‘आता बॅकलाइट लाव.’ मागचे दिवे लागतात, आणि चित्र दिसते. हा संवाद जेथे तुटतो तेथे दोष असतो. तो कोठे तुटला हे पुष्कळ वेळा बाहेरूनच दिसते. मात्र पाहणाऱ्याने पाहिलेले जसेच्या तसे सांगावे लागते.

घोळ होतो तो येथेच. ग्राहक पाहिलेले न सांगता स्वतः काढलेले निदान सांगू लागतो. समजा, इंदुरात एक निवृत्त शिक्षिका आहेत. घरची भाषा मराठी, बाजाराची हिंदी. त्यांचा ४३ इंची संच पाच वर्षांचा आहे. एके संध्याकाळी बातम्या चालू असता पडदा काळा झाला. निवेदकाचा आवाज मात्र अखंड येत राहिला. त्यांनी जवळच्या दुकानात दूरध्वनी केला आणि म्हणाल्या, “भैया, डिस्प्ले चला गया.” त्यांना म्हणायचे होते, चित्र दिसत नाही. परंतु दुरुस्तीच्या दुकानात ‘डिस्प्ले गेला’ याचा अर्थ पॅनेल गेले असा होतो, आणि पॅनेल बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या जवळपास जातो. दुकानदाराने विचारले, आवाज येतो का? येतो, असे उत्तर मिळताच तो म्हणाला, “मग डिस्प्ले नाही मॅडम, मेनबोर्ड गेला असणार. ७,८०० रुपये लागतील.” पॅनेलच्या भीतीतून सुटका झाल्याच्या समाधानात हा आकडा तितकासा जड वाटला नाही. संच उघडलेला नाही, मीटर लावलेला नाही, आणि ७,८०० रुपयांचा निर्णय मात्र जवळजवळ झालेला आहे.

या ठिकाणी एका साध्या विजेरीने मोठे काम होते. खोलीतले दिवे मालवावे, संच चालू ठेवावा, आणि मोबाइलची विजेरी काळ्या पडद्याच्या अगदी जवळ, किंचित तिरपी धरून पाहावे. संचाच्या मेनूचे बटण दाबले तर पाहणे अधिक सोपे जाते, कारण मेनूतली अक्षरे ठळक असतात. विजेरीच्या उजेडात अंधुक आकृती हलताना दिसल्या, मेनूचा चौकोन उमटलेला दिसला, तर चित्र तयार होऊन पडद्यापर्यंत पोहोचले आहे. नाही तो फक्त मागचा उजेड. बाईंनी तसे केले तेव्हा त्यांना मेनूच्या ओळी पुसट परंतु स्पष्ट वाचता आल्या. म्हणजे मेनबोर्ड रिमोटचे ऐकत होता, ध्वनी देत होता, चित्रही घडवीत होता. एवढी कामे बिनबोभाट करणाऱ्या बोर्डावर ७,८०० रुपयांचा आरोप ठेवण्यापूर्वी त्याला काही पुरावा हवा.

येथे मात्र घाई नको. चित्र आहे आणि उजेड नाही, एवढ्यावरून मेनबोर्ड पूर्णपणे निर्दोष ठरत नाही. उजेड न येण्याची कारणे तीन असू शकतात. बॅकलाइटच्या पट्ट्यांतला एखादा दिवा गेला असेल; या पट्ट्यांना वीज देणारा भाग, जो बहुधा पॉवर बोर्डावरच असतो, नादुरुस्त झाला असेल; किंवा मेनबोर्डाकडून ‘बॅकलाइट लाव’ हा संदेशच निघत नसेल. तिसरे कारण तुलनेने विरळा आढळते, पण आढळते. पाच-सहा वर्षे चाललेल्या संचात पहिल्याची शक्यता सर्वांत अधिक, विशेषतः ज्या घरात पडद्याचा उजेड नेहमी कमाल मर्यादेवर ठेवलेला असतो तेथे. त्या दिव्यांना उष्णता सोसवत नाही.

पट्ट्यांवरचे दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात. माळेतला एक दिवा तुटला की सारी माळ विझते, तसेच येथे घडते. एखादा दिवा अखेरच्या घटका मोजत असेल तर आणखी एक खूण दिसते: संच सुरू करताना पडदा एक-दोन सेकंद नीट उजळतो आणि मग काळा होतो. वीज देणाऱ्या भागाला दिव्यांच्या वाटेत काही विपरीत जाणवते आणि संरक्षणासाठी तो स्वतःच पुरवठा तोडतो. ही एका सेकंदाची झळक म्हणजे तपासातला फार मोलाचा साक्षीदार आहे. पडदा क्षणभर उजळला याचा अर्थ मेनबोर्डाचा संदेश आला होता आणि पॉवर बोर्डाने दिवे लावूनही दाखवले होते. मग संशय उरतो तो मुख्यतः पट्ट्यांवर. झळक दिसली नाही तर तिन्ही शक्यता कायम राहतात आणि निर्णय मीटरनेच करावा लागतो. म्हणून संच दोनदा-तीनदा बंद-चालू करून नेमके हेच पाहावे, आणि शक्य तर त्याचे वीस सेकंदांचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे. तंत्रज्ञाला शंभर शब्दांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

बाईंनी दुसऱ्या एका तंत्रज्ञाला जो निरोप लिहून धाडला तो असा: “संच ४३ इंची, पाच वर्षे वापरलेला. मागच्या लेबलचा फोटो सोबत आहे. काल संध्याकाळी चालू असताना पडदा काळा झाला, आवाज चालू राहिला. आता सुरू केल्यावर पडदा सुमारे एक सेकंद उजळतो, मग काळा होतो. आवाज येतच राहतो. अंधारात विजेरी धरली तर मेनू पुसट दिसतो. रिमोट चालतो. वीज गेली नव्हती, विजा चमकल्या नव्हत्या, संच हलवलेला नाही. गेले महिनाभर पडद्याचा उजवा खालचा कोपरा थोडा काळवंडलेला वाटत होता.” या निरोपात ‘बोर्ड’ हा शब्द एकदाही आलेला नाही. जे दिसले, जे ऐकू आले, ते केव्हा आणि कोणत्या क्रमाने, एवढेच त्यात आहे. भाषेची अडचणही अशा निरोपाला कमी पडते. हैदराबादेत किंवा बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाला ‘निदान’ दुसऱ्या भाषेत सांगणे कठीण जाईल. ‘आवाज आहे, उजेड नाही’ हे कोणत्याही भाषेत दोन-चार शब्दांत सांगता येते. निरोपातले शेवटचे वाक्य बाईंना स्वतःला क्षुल्लक वाटले होते. वस्तुतः काळवंडलेला कोपरा म्हणजे पट्टीवरचे काही दिवे आधीच मंद होत आल्याची खूण होती.

लेबलच्या फोटोविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. एकाच नावाचे संच कारखान्यातून निघताना त्यांत पॅनेले निरनिराळ्या बनावटीची बसवलेली असू शकतात, आणि त्यानुसार पट्ट्या आणि बोर्डही बदलतात. केवळ ‘अमुक कंपनीचा ४३ इंची’ एवढ्यावर जो बोर्डाची किंमत सांगतो तो अंदाज सांगतो. मागच्या लेबलवरचा पूर्ण क्रमांक, त्याच्या शेपटीच्या अक्षरांसह, त्याच्या हाती असावा. आणि संच उघडल्यावर बोर्डावर छापलेला क्रमांक त्याने पाहावा.

घरच्या माणसांनी करण्याची पाहणी येथवरच. पाठ उघडून आत पाहण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. पॉवर बोर्डावर एक मोठा कपॅसिटर असतो. त्यावर साधारण सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट इतका दाब साठलेला असतो, आणि सॉकेटमधून तार काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो. तंत्रज्ञही आधी तो रिता झाल्याची खात्री करून मगच बोर्डाला हात लावतो.

दुसरा तंत्रज्ञ मीटर घेऊन आला. पाठ उघडून त्याने बॅकलाइटच्या जोडणीवर मीटर लावला आणि संच सुरू केला. दाब झपाट्याने चढला, क्षणभर टिकला आणि खाली कोसळला. त्याने तसे दोनदा केले. मग पट्ट्यांची तार काढून त्याने दिव्यांची परीक्षा करणारे लहान यंत्र त्यांना जोडले. माळ पेटली नाही. निर्णय झाला. पॉवर बोर्ड वीज देत होता, मेनबोर्ड संदेश देत होता, दिवे ती घेत नव्हते. दाब मुळी चढलाच नसता तर त्याने पुढचे पाऊल टाकले असते: मेनबोर्डाकडून येणाऱ्या संदेशाच्या तारेवर दाब येतो का हे पाहिले असते. तेथे संदेश आहे आणि पुरवठा नाही, तर दोष पॉवर बोर्डाचा. संदेशच नाही, तर दोष मेनबोर्डाकडे. मेनबोर्ड बदलण्याचा सल्ला योग्य ठरतो तो या शेवटच्या मोजणीनंतर, आधी नव्हे.

त्याने सांगितलेली रक्कम ३,४०० रुपये होती. यात सर्व पट्ट्यांचा नवा संच आणि मजुरी होती. फक्त मेलेला दिवा बदलला तर स्वस्त पडणार नाही का, असे बाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तरही रास्त होते. पट्ट्यांपर्यंत जाण्यासाठी पॅनेलची काच उचलावी लागते. ती जाडीने तावदानासारखी नाही, पापडासारखी आहे. तिच्या कडेला पॅनेलच्या नाजूक फिती चिकटलेल्या असतात. ती जितक्या वेळा उचलावी तितक्या वेळा ती फुटण्याचा धोका पत्करावा लागतो. आज एक दिवा बदलला आणि चार महिन्यांनी त्याचाच शेजारी गेला, तर मजुरीही दुप्पट आणि धोकाही दुप्पट. तेव्हा येथे सबंध जुडी बदलणे शहाणपणाचे. परंतु काच उचलताना फुटली तर जबाबदारी कोणाची, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून पावतीवर लिहून घेणे अवश्य आहे. बाईंनी ते लिहून घेतले. काम झाल्यावर तंत्रज्ञाने पडद्याचा उजेड कमालीवरून साठावर आणून दिला. नवे दिवे टिकवण्याचा त्याहून सोपा उपाय नाही.

वर दिलेले उदाहरण ‘चित्र आहे, उजेड नाही’ या जातीचे झाले. त्याच्या उलट जात म्हणजे ‘उजेड आहे, चित्र नाही’. पडदा करडा किंवा निळसर उजळतो, परंतु त्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी पॉवर बोर्डावर खर्च करण्यात अर्थ नसतो, कारण वीज मागच्या दिव्यांपर्यंत पोहोचलेली असते. आवाजही नसेल आणि रिमोटलाही प्रतिसाद नसेल तर मेनबोर्डाचा संशय बळावतो. आवाज असेल तर टी-कॉन, त्याची फीत किंवा पॅनेल यांच्याकडे पाहावे लागते. फक्त सेट-टॉप बॉक्सचे चित्र येत नसेल आणि संचाचा स्वतःचा मेनू स्वच्छ दिसत असेल, तर तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी दुसरी केबल आणि दुसरे छिद्र वापरून पाहावे. पावसाळ्यात वीज कोसळली आणि नंतर एकच एचडीएमआय छिद्र मुके झाले, असे घडते; तेव्हा आघात केबलच्या वाटेने आलेला असतो. बाकीची छिद्रे चालत असतील तर नुसत्या त्या छिद्रापायी मेनबोर्ड बदलायचा की उरलेल्यांवर भागवायचे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तिसरी जात अधिक फसवी आहे. दिवा लागतो, कंपनीचे नाव येते, संच विझतो, पुन्हा नाव येते, पुन्हा विझतो. आणि हे चक्र चालूच राहते. येथे पॉवर बोर्ड आणि मेनबोर्ड दोघेही सारखेच संशयित. पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर थकले असतील तर पूर्ण भार येताच १२ व्होल्टचा दाब खचतो आणि संच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. अशा कपॅसिटरचा माथा पुष्कळदा फुगलेला दिसतो, आणि ते बदलण्याचा खर्च सबंध बोर्डाच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. उलट दाब स्थिर असेल तर दोष मेनबोर्डावरच्या स्मृतीत किंवा तिच्यात साठवलेल्या प्रणालीत असू शकतो. प्रणाली बिघडली असेल तर ती पेन ड्राइव्हवरून नव्याने भरता येते. स्मृतीची चिपच झिजली असेल तर ती बदलणारे कुशल कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. म्हणून या चक्रावर ‘मेनबोर्ड बदला’ असे कोणी सांगितले तर एकच प्रश्न विचारावा: “संच पुन्हा सुरू होतो त्या क्षणी १२ व्होल्ट टिकतात का?” मोजणी करणारा तंत्रज्ञ याचे उत्तर तत्काळ देतो. न मोजणारा प्रश्नावरच नाराज होतो. त्या नाराजीतूनही ग्राहकाला काय ते कळते.

तांबडा दिवाच लागत नसेल तर प्रथम दुसरे सॉकेट, आणि मधला एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्टॅबिलायझर काढून सरळ जोडणी, एवढे करून पाहावे. तरीही दिवा नाही, तर संशय पॉवर बोर्डावर जातो आणि तो बहुधा खरा ठरतो. परंतु येथेही एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मेनबोर्डावर कोठे शॉर्ट झाला असेल तर तो पॉवर बोर्डाचा दाब खाली ओढतो आणि निरोगी पॉवर बोर्ड मेल्यासारखा दिसतो. दोघांमधली तार काढून एकट्या पॉवर बोर्डावर स्टँडबायचा दाब मोजला की हे उघड होते. तसेच फ्यूज जळालेला आढळला आणि नुसता नवा फ्यूज बसवला तर तोही जळण्याचा संभव असतो. फ्यूज बहुधा स्वतःहून जळत नाही, त्याच्या पुढचा कोणता तरी भाग शॉर्ट झालेला असतो. काही कंपन्यांच्या संचांत दिवा ठरावीक संख्येने लुकलुकतो आणि थांबतो. ती संख्या मोजून सांगावी. कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्येक संख्येला अर्थ दिलेला असतो.

लहान आकाराच्या, विशेषतः ३२ इंची आणि त्याखालच्या स्वस्त संचांत पॉवर बोर्ड आणि मेनबोर्ड असा भेदच पुष्कळदा नसतो. वीज, चित्र आणि बॅकलाइट यांचे सारे काम एकाच बोर्डावर होते. तेथे ‘पॉवर बोर्ड वेगळा बदलून द्या’ हा आग्रह निरर्थक ठरतो, आणि बोर्ड बदलण्याचे कोटेशन सर्वस्वी प्रामाणिक असू शकते. अशा संचांसाठी बाजारात ‘युनिव्हर्सल’ बोर्ड मिळतात. ते स्वस्त असतात आणि संच पुन्हा चालतो, हे खरे. पण काय गमवावे लागेल ते आधी विचारावे. जुना रिमोट चालत नाही, इंटरनेटवरची ॲपे निघून जातात किंवा बदलतात, आणि बोर्डातील प्रणाली पॅनेलशी नीट जुळवली नाही तर चित्र उलटे येते किंवा रंग विटतात. वृद्ध माता-पित्यांच्या खोलीत फक्त सेट-टॉप बॉक्स चालवायचा असेल तर हा सौदा चांगला. सर्व काही इंटरनेटवर पाहणाऱ्या घराला तो पस्तावायला लावील.

कोटेशन हाती आले म्हणजे त्यातला एकूण आकडा पाहण्यापूर्वी त्याची फोड पाहावी. बोर्ड नवा आहे, जुन्या संचातून काढलेला आहे, की ग्राहकाचाच बोर्ड दुरुस्त करून मिळणार आहे? या तिन्हींच्या किमतीत मोठे अंतर असते आणि तिन्हींनाही पावतीवर ‘बोर्ड बदलला’ असेच लिहिण्याची पद्धत आहे. जुन्या संचातून काढलेला बोर्ड घेण्यात वाईट काही नाही, फुटलेल्या पॅनेलच्या संचातले बोर्ड कित्येकदा उत्तम स्थितीत असतात. मात्र त्याला नव्याचे मोल पडू नये. भागाचे मोल, मजुरी, घरी येण्याचा आकार आणि कर ही चार अंगे वेगवेगळी लिहून घ्यावी. बदललेला जुना बोर्ड परत मागावा. तो नाकारला गेला तर त्याचे मोल बिलातून वजा व्हावे, कारण त्यावरचे चांगले भाग दुकानदाराच्या उपयोगी पडतात. किती दिवसांची हमी, आणि ती केवळ बोर्डाची की त्या दोषाची, हेही विचारावे. ‘बोर्डाची हमी आहे पण दोष पॅनेलचा निघाला’ हे वाक्य पुष्कळांनी पैसे भरल्यावर ऐकलेले आहे. पैसे घेऊन दोष गेला नाही आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तक्रार नोंदवताना पावतीवरची ही फोडच कामास येते.

शेवटी प्रश्न राहतो तो मर्यादेचा. सहा-सात वर्षांच्या संचावर त्याच आकाराच्या नव्या संचाच्या निम्म्याहून अधिक खर्च करणे सहसा पदरात पडत नाही. कारण बोर्ड नवा आला तरी पॅनेल आणि बॅकलाइट सहा-सात वर्षांचेच राहतात. एक तृतीयांशाच्या आत खर्च बसत असेल आणि निदान मोजणीवर उभे असेल, तर दुरुस्ती करून घ्यावी. पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभ्या रेघा असतील, त्या संचाच्या मेनूवरही तशाच दिसत असतील, तर दोष बहुतेक पॅनेलचा असतो. तेव्हा टी-कॉनची फीत तपासून घ्यावी, आणि मेनबोर्डाचे कोटेशन कितीही आकर्षक असले तरी बाजूला ठेवावे. इंदुरातल्या त्या बाईंकडे पहिल्या दुकानाचा माणूस दोन दिवसांनी बोर्ड घेऊन आला होता. त्या वेळी दुपारच्या बातम्या चालू होत्या. “कोणी बदलला मेनबोर्ड?” त्याने विचारले. “कोणीच नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला काढलेल्या पट्ट्या दाखवल्या.